रात्री खोलीत गॅसचा वास आला तर: पहिल्या दोन मिनिटांसाठी हाताला लावायच्या सवयी

अग्निशमन दलातून निवृत्त झाल्यावर बेळगावातल्या एका कॉलेजात मला थोडा वेळ बोलायला बोलावलं होतं. समोर बसलेली बरीचशी मुलं-मुली खानापूर, निपाणी, चंदगड भागातून शिकायला आलेली, भाड्याच्या खोल्यांत राहणारी आणि हाताने करून खाणारी होती. म्हणून आगीचा सगळा पसारा न मांडता मी एकच प्रसंग घेतला: रात्री झोपेतून जाग येते आणि खोलीत गॅसचा वास असतो. तेच भाषण इथे देतो. तिथे वेळेअभावी राहिलेला तपशीलही त्यात घातला आहे.

मुला-मुलींनो, अशा वेळी लोक एकमेकांना ‘घाबरू नका’ म्हणून सांगतात. त्याचा उपयोग होत नाही. छातीत धडधडणं, बोटं थरथरणं, शेजारच्याचं बोलणं कानात न शिरणं हे सगळं होणारच. नोकरीत इतकी वर्षं काढूनही मला ते होत होतं. फरक एवढाच की आमच्या हातांना काम शिकवलेलं असायचं. होज पसरायचा, कपलिंग जोडायचं, शिडी उभी करायची, हे सगळं ड्रिलमध्ये रोज त्याच क्रमाने. धडधड चालू असतानाही हात आपलं काम करत राहायचे. शांत राहणं म्हणतात ते बऱ्याच अंशी हेच आहे, आणि ते तुम्हालाही शिकता येतं.

आता तुमच्या हाताला काय शिकवलेलं आहे ते बघा. अंधारात जाग आली की तो पहिल्यांदा कुठे जातो? दिव्याच्या बटणाकडे. लहानपणापासून हजारो वेळा तो तिकडेच गेला आहे, त्याला विचार करावा लागत नाही. बटण दाबताना आत दोन धातूचे तुकडे जवळ येतात किंवा लांब जातात आणि त्यांच्यामध्ये बारीक ठिणगी उडते. गॅस भरलेल्या खोलीला ती पुरते. लावतानाही उडते आणि बंद करतानाही उडते. म्हणून चालू असलेला पंखा बंद करायला जाणंही तितकंच वाईट. गॅस बाहेर जावा म्हणून एक्झॉस्ट फॅन लावणं त्याहून वाईट, कारण तो ठिणगी देतो आणि गॅस स्वतःकडे ओढूनही घेतो.

वास आला म्हणजे किती वेळ हातात आहे

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. नाक मुरडायला लावणारा तो वास मुद्दाम मिसळलेला असतो, मर्कॅप्टन नावाच्या रसायनाचा. हा गॅस हवेत साधारण 2 ते 9 टक्के असेल तेव्हाच पेट घेतो. वासाचं प्रमाण असं ठेवलेलं असतं की 2 टक्क्यांच्या पाचव्या हिश्श्याइतका गॅस हवेत आला तरी नाकाला कळावं. म्हणजे उभ्याने फिरताना पहिल्यांदा वास आला, तर बहुधा तुमच्या नाकाजवळची हवा अजून पेटण्याजोगी झालेली नसते. ठिणगी दिली नाही तर दार उघडून बाहेर पडायला वेळ मिळतो. हे नीट डोक्यात ठेवा, कारण ‘आता स्फोट होणारच’ या समजुतीनेच माणूस भलतंच काहीतरी करून बसतो.

पण नाकाजवळची हवा वेगळी आणि पायाजवळची वेगळी. हा गॅस हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असतो. तो सांडलेल्या पाण्यासारखा जमिनीवर पसरतो, उताराकडे जातो, मोरीत, जिन्यात, तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये उतरतो. तुमच्यातले बरेच जण सतरंजीवर नाहीतर जमिनीवरच्या गादीवर झोपतात, म्हणून एक हिशेब करून दाखवतो.

खोली 10 फूट लांब, 10 फूट रुंद, 10 फूट उंच धरा. तिच्यात साधारण 28,000 लिटर हवा मावते. रात्री दूध उतू गेलं, बर्नरची ज्योत विझली आणि बटण तसंच उघडं राहिलं. आपल्याकडच्या बहुतेक साध्या शेगड्यांत ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद होत नाही. असा एक बर्नर तासाला अंदाजे 60 लिटर गॅस सोडतो. तो सगळ्या खोलीत सारखा मिसळला असता, तर 2 टक्के व्हायला नऊ तासांहून जास्त वेळ लागला असता. पण तो खाली साठतो. जमिनीपासून सहा इंचांचाच थर धरला तर तिथली हवा भरते जेमतेम 1,400 लिटर, आणि तिचे 2 टक्के म्हणजे 28 लिटर. तेवढा गॅस अर्ध्या तासात जमा होतो. प्रत्यक्षात दाराखालून येणारा वारा, माणसांची हालचाल यांनी हा आकडा मागेपुढे होईल, पण अंदाज यायला पुरे. पाइप शेगडीवरून निसटला असेल तर यापेक्षा कितीतरी लवकर.

नाकाची आणखी एक अडचण आहे. सतत तोच वास येत राहिला की नाकाला तो जाणवेनासा होतो. आणि गाढ झोपेतल्या माणसाला वासाने जाग येईलच असं नाही. म्हणून बाहेरून आलेला मित्र ‘वास येतोय’ म्हणाला आणि तुम्हाला काहीच जाणवत नसेल, तर त्याचं नाक खरं माना.

पावसाळ्यात जास्त जपायचं. बेळगाव-खानापूरचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जुलैमध्ये खिडक्या दिवसेंदिवस बंद असतात, दाराखाली पाणी येऊ नये म्हणून पोतं सारलेलं असतं, खोलीभर ओले कपडे टांगलेले असतात. गॅसला बाहेर जायला वाटच उरत नाही.

एक प्रसंग, क्रमाने

नोकरीत असताना शहरातल्या एका भाड्याच्या खोलीवर आम्ही गेलो होतो. आम्ही पोचलो तेव्हा तिघेही मुलगे रस्त्याच्या पलीकडे सुखरूप उभे होते. झालं होतं असं. दोघे जमिनीवर झोपले होते आणि दूध उतू जाऊन ज्योत विझलेली. तिसरा गावाहून शेवटच्या बसने उशिरा आला. दाराशी येताच त्याला वास आला. बेलचं बटण दाराबाहेरच होतं, पण त्याने ते दाबलं नाही. बेल वाजते आत, आणि ठिणगी तिथेही पडू शकते. त्याने मुठीने दार बडवलं आणि ओरडला, ‘गॅस! बटण लावू नको, नुसतं दार उघड!’

आतला मुलगा उठला, आणि त्याने मला नंतर सांगितलं की ओरडणं कानावर पडलं तेव्हा त्याचा हात बोर्डावर पोचलेला होता. त्याने हात काढून घेतला, भिंत चाचपत दाराशी आला. वरची कडी निघाली, पण लाकडी दार पावसाने फुगून बसलेलं होतं. बाहेरून ढकलून, आतून ओढून ते उघडलं. त्याने दुसऱ्याला हाताला धरून उठवलं. बाहेरून आलेला मुलगा दारातून सरळ कोपऱ्यातल्या टाकीपाशी गेला, रेग्युलेटरची चावी ऑफवर फिरवली आणि तिघे बाहेर पडले. फोन रस्त्यावर आल्यावर केला. जिन्याखाली त्यांची मोटारसायकल उभी होती, तिला कुणी हात लावला नाही.

त्या ओरडण्याकडे जरा लक्ष द्या. त्यात तीनच गोष्टी होत्या: काय झालंय, काय करायचं नाही, काय करायचं. नुसतं ‘उठा, उठा’ ओरडला असता तर आतल्याने दिवा लावून दार उघडलं असतं.

हाच क्रम तुमच्यासाठी

हात बोर्डापासून लांब ठेवा आणि मोठ्याने ओरडा, ‘गॅस! बटण नको! दार उघडा!’ खोलीत एकटे असलात तरी ओरडा. स्वतःचा आवाज ऐकला की स्वतःचा हातही थांबतो. मग दार पूर्ण उघडा. गॅस खाली असतो, त्यामुळे वरच्या खिडकीपेक्षा जमिनीपर्यंत उघडणारं दार जास्त कामाचं. खिडकी वाटेत असेल तर तीही उघडा, पण तिच्यासाठी थांबू नका.

टाकी दाराच्या वाटेवर असेल आणि वास बेताचा असेल, तर रेग्युलेटरची चावी बंद करा. शेगडीतून किंवा पाइपमधून गळत असेल तर तेवढ्याने गळती थांबते. मात्र टाकीच्या तोंडाशी जोरात ‘स्स्स’ आवाज येत असेल, पांढरं धुकं दिसत असेल किंवा तिथे बर्फासारखा थर धरला असेल, तर गळती टाकीच्या व्हॉल्व्हची आहे. तिच्या जवळ जायचं नाही, सरळ बाहेर. टाकी आडवी पाडून फरशीवरून ओढत नेणं हा धाडसाचा प्रकार बऱ्याच ठिकाणी चालतो. तो पूर्ण चुकीचा आहे. आडव्या टाकीतून गॅसऐवजी द्रव बाहेर येतो, आणि एक लिटर द्रवाचा अडीचशे लिटरच्या आसपास गॅस होतो.

मोबाईलबद्दल मुलं नेहमी विचारतात. उशाशी असेल तर उचलून बाहेर न्या, पण टॉर्चसाठीसुद्धा आत लावू नका. चार्जिंगला लावलेला असेल तर तसाच सोडा. पिन उपसताना ठिणगी उडते. शेजाऱ्याच्या फोनवरून बोलता येईल. फ्रीज असेल तर त्याच्याही वाटेला जाऊ नका. तो मधूनच स्वतःहून चालू होतो, खोलीत रेंगाळायचं नाही त्याचं हेही एक कारण.

बाहेर पडताना शेजारच्या खोल्यांची दारं हाताने वाजवा. जिन्याखाली किंवा पार्किंगमध्ये जमू नका, गॅस तिथेच उतरतो. वारा जिकडून येतो त्या बाजूला, उघड्या जागेत उभे राहा.

वास नसून समोर ज्वाळाच दिसत असेल तर गोष्ट वेगळी. पाइपच्या किंवा रेग्युलेटरच्या जोडावर लहान ज्योत असेल आणि चावीपर्यंत हात पोचत असेल, तर ओलं जाड सुती फडकं हाताभोवती गुंडाळून चावी बंद करा. गॅस तुटला की ज्योत जाते. गॅस चालू ठेवून नुसती ज्योत विझवू नका, कारण मग तोच गॅस खोलीत साठायला लागतो. टाकीच ज्वाळांत सापडली असेल तर तुमचं काम फक्त सगळ्यांना लांब नेण्याचं.

ही सवय हाताला कशी लावायची

पहिली सवय झोपण्यापूर्वीची. शेवटचा स्वयंपाक संपला की आधी शेगडीचं बटण बंद करायचं नाही, आधी रेग्युलेटर बंद करायचा. पाइपमधला उरलेला गॅस जळतो आणि काही क्षणांत ज्योत आपोआप विझते. ती विझली म्हणजे रेग्युलेटर खरोखर बंद झाला, हे डोळ्यांनी दिसतं. ज्योत जळतच राहिली तर रेग्युलेटर नीट बंद होत नाही, तो बदलून घ्यायचा. ज्योत विझल्यावर मात्र शेगडीची सगळी बटणं न चुकता बंद करायची. ती उघडी राहिली तर सकाळी रेग्युलेटर सुरू करताच गॅस खोलीत सुटेल. कितीही झोप आली असो, क्रम बदलायचा नाही. झोपेत नाक दगा देतं, बंद रेग्युलेटर देत नाही. माझ्या मते या भाषणातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे.

दुसरी सवय अंधारात दार गाठण्याची. महिन्यातून एकदा, खोलीतल्या सगळ्यांनी मिळून, दिवे घालवून आपापल्या अंथरुणावर डोळे मिटून पडा. एकाने ‘गॅस!’ म्हणायचं. बाकीच्यांनी बोर्डाला हात न लावता, भिंतीच्या आधाराने दाराशी जायचं, कडी शोधून काढायची आणि बाहेर उभं राहायचं. पहिल्या वेळी काय होतं ते बघा. कुणाचा पाय बादलीत जातो, कुणी बॅगेला अडखळतं, वरच्या कडीवर ओला टॉवेल टांगलेला असतो. सरावाचा खरा उपयोग तोच. जे जे आडवं आलं ते कायमचं बाजूला करा. आतून कुलूप लावत असाल तर ती सवय सोडा, कडी पुरे. दार फुगून अडकत असेल तर घरमालकांना सांगून सुताराकडून रंधा मारून घ्या. सणाला गावी जाऊन आल्यावर आणि नवा साथीदार राहायला आला की सराव पुन्हा करायचा.

तिसरी युक्ती मी खास खोलीत राहणाऱ्यांना सांगतो. अंथरुणाजवळच्या दिव्याच्या बटणावर कापडी चिकटपट्टीचा एक खरखरीत तुकडा लावा. अंधारात बोट त्यावर टेकलं की खरखर लागते. तेवढ्या क्षणात नाकाने एक श्वास घ्यायचा, वास नाही ना बघायचं, मग बटण दाबायचं. रात्री पाणी प्यायला उठतानाही असंच करा. काही आठवड्यांनी चिकटपट्टी निघाली तरी बोट आपोआप थांबतं.

पाइपचं थोडक्यात सांगतो. बाजारातली साधी हिरवी नळी नको, आयएसआय छापाची नारंगी सुरक्षा नळीच घ्या. लांबी दीड मीटरच्या आत ठेवा, तिच्यावर छापलेली तारीख बघा आणि फार तर पाच वर्षांनी बदला. नवी टाकी घेताना सील काढल्यावर व्हॉल्व्हच्या आत रबरी वायसर आहे ना ते बघा. प्लॅस्टिकचं टोपण दोऱ्यासकट टाकीलाच राहू द्या. रेग्युलेटर काढल्यावरही गॅस येत असेल तर तेच टोपण दाबून बसवायचं असतं. आणि गल्लीतल्या दुकानात बेकायदा भरून मिळणारी, डोक्यावरच बर्नर असलेली छोटी टाकी स्वस्त पडत असली तरी खोलीत आणू नका. तिचा व्हॉल्व्ह कधी कुणी तपासलेला नसतो.

फोनवर काय बोलायचं

बाहेर आल्यावर आधी एक लांब श्वास सोडा, मग फोन लावा. आगीसाठी 101, कोणत्याही संकटासाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108, आणि गॅसगळतीसाठी चोवीस तास चालणारा 1906. हे नंबर फोनमध्येच नकोत, दाराच्या बाहेरच्या बाजूला कागदावर लिहून चिकटवा.

आपल्या भागात एक विशेष गोष्ट आहे. सीमेलगतच्या गावात असाल तर फोन कधी पलीकडच्या महाराष्ट्रातल्या टॉवरवरून जातो. म्हणून पहिलं वाक्य राज्य आणि जिल्ह्याचं ठेवा: ‘कर्नाटक, बेळगाव जिल्हा, अमुक तालुका, अमुक गाव.’ मग गल्ली, आणि जवळचं देऊळ, शाळा किंवा बसस्टॉप. त्यानंतर काय झालंय आणि आत कुणी अडकलंय का. फोन घेणाऱ्याला मराठी समजेलच असं नाही, तेव्हा कन्नडमधलं एक वाक्य पाठ ठेवा: ‘ग्यास लीक आगिदे, बेग बन्नी.’ अर्थ, गॅस गळतोय, लवकर या. पलीकडचा माणूस विचारतो त्याचं उत्तर द्या आणि त्याने ठेवल्याशिवाय फोन ठेवू नका. एकाने गल्लीच्या तोंडाशी उभं राहून बंबाला वाट दाखवायची. अरुंद बोळात लावलेल्या दुचाक्या हातांनी ढकलून बाजूला करायच्या, सुरू करून नाही.

परत आत कधी जायचं

वास गेला की जाऊ, असं ठरवू नका, कारण तोवर तुमचं नाक थकलेलं असतं. जवान किंवा गॅस कंपनीचा मेकॅनिक बघून सांगेपर्यंत बाहेरच थांबा. त्यानंतर दार-खिडक्या उघड्या ठेवून कोपरे, मोरी आणि खाटेखालची जागा मोकळी होऊ द्या. वाटीत पाणी आणि थोडा साबण कालवून फेस करा. रेग्युलेटर चालू, शेगडीची बटणं बंद अशा स्थितीत तो फेस रेग्युलेटरच्या जोडावर, पाइपभर आणि शेगडीच्या तोंडाशी लावा. एखाद्या जागी बुडबुडा फुगत राहिला तर गळती तिथेच आहे. रेग्युलेटर लगेच बंद करा आणि ती जागा मेकॅनिकला दाखवा. काडी ओढून गळती शोधायची नाही. सगळ्या जोडांवर फेस जागच्या जागी बसून राहिला, एकही बुडबुडा वाढला नाही, तरच शेगडी पेटवा.